वास्तुशांतीला पातेलं द्यावं, आणि तेही आठ दिवस आधी

वास्तुशांतीच्या दिवशी नव्या घरातली सर्वांत आतली खोली पाहावी. पलंगावर, कपाटाच्या वर, खिडकीच्या कठड्यावर रंगीत कागदातल्या भेटी रचलेल्या असतात. यजमान जोडपं सकाळपासून पाटावर बसलेलं असतं, गुरुजींनी सांगितलेल्या पळ्या ताम्हनात सोडत असतं. आलेल्याच्या हातातलं पुडकं कुणीतरी भाचा नाहीतर नणंद घेते आणि आत नेऊन ठेवते. संध्याकाळी उघडल्यावर त्यातून तीन गणपती, दोन भिंतीवरची घड्याळं, एक काचेचा डिनर सेट आणि शोभेची दोन झाडं निघतात. दिली तेव्हा त्या दिवसाच्या कामी यातलं काहीही येत नाही.

मित्र-मैत्रिणींच्या नव्या घरासाठी माझी निवड ठरलेली आहे. आतून कल्हई केलेलं, बारा लिटरचं, जाड पितळी पातेलं आणि त्याचं झाकण. ते मी समारंभाच्या दिवशी नेत नाही, आठवडाभर आधी पोचवते. म्हणजे वास्तुशांतीच्या प्रसादाचा शिरा त्यातच होतो. पुढे गौरी-गणपती, कुळधर्म, बोडण, मंगळागौर, मुलाची मुंज, जेव्हा जेव्हा घरात तीस-चाळीस माणसं जमतील तेव्हा ते पातेलं माळ्यावरून खाली येतं. हल्ली नवी घरं दोन माणसांच्या स्वयंपाकाच्या हिशेबाने मांडली जातात. कुकर, दोन कढया, तीन स्टीलची पातेली एवढंच असतं. मोठं भांडं लागलं की शेजारून आणा, नाहीतर केटररकडून मागवा. त्यामुळे ही भेट दुसऱ्या कुणाकडून आलेली असण्याची शक्यता फार कमी.

देवाच्या मूर्ती मात्र देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या त्याच्या देवघरात कोणते देव बसायचे ते त्या घराच्या कुळाचारावर ठरतं. बाहेरून आलेली मूर्ती पुजावी की शोकेसमध्ये ठेवावी, या पेचात ते जोडपं वर्षानुवर्षं राहतं, कारण ती टाकूनही देता येत नाही. समई चांगली भेट आहे, पण आईकडून एक आणि सासरकडून एक अशा दोन समया आधीच आलेल्या असतात. आणि पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं असेल तर ते मनापासून पाळावं. आधी पोचवलेलं पातेलं आहेरात मोडत नाही, ते समारंभाच्या तयारीत आपला हात लावणं होतं.

पातेलं बारा लिटरचंच का, हे प्रसादाच्या हिशेबावरून कळतं. आपल्याकडे वास्तुशांतीला जोडून बहुतेक घरी सत्यनारायण होतो आणि त्याच्या प्रसादाचं प्रमाण सव्वाचं असतं. रवा, साखर आणि तूप सगळं सव्वा सव्वा. साठ-सत्तर माणसं येणार असतील तर सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, सात-आठ पिकलेली केळी आणि साधारण साडेतीन लिटर दूध लागतं. काही घरी पूर्ण दुधाचा शिरा करतात, काही घरी निम्मं दूध आणि निम्मं पाणी घालतात. शिजून झाल्यावर हा सगळा ऐवज सात किलोंच्या आसपास भरतो. द्रोणात ऐंशी-शंभर ग्रॅम वाढला तर सत्तर-ऐंशी माणसांना नीट पुरतो, आणि शेजाऱ्यांकडे द्यायला चार डबेही निघतात. सात लिटरभर शिरा ढवळायला वर मोकळी जागा हवी. उकळतं दूध भाजलेल्या रव्यावर पडलं की तो एकदम फसफसून वर येतो. दहा लिटरच्या पातेल्यात हे काम काठोकाठ होतं आणि हातावर चटके बसतात, बारा लिटरच्यात निवांत होतं. त्याहून मोठं घेऊ नये. पंधरा-वीस लिटरचं पातेलं घरच्या शेगडीवर नीट बसत नाही, भांडी घासायच्या सिंकमध्ये मावत नाही, आणि मग ते वापरात येतच नाही.

बारा लिटरचं पातेलं म्हणजे तळाशी साधारण तीस सेंटीमीटर रुंद आणि सतरा सेंटीमीटर उंच. दुकानात जाण्याआधी मैत्रिणीच्या सिंकची आणि ओट्याखालच्या कप्प्याची मापं फोनवर विचारून घ्यावीत. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारायची, ती म्हणजे घरात गॅस आहे की इंडक्शन. इंडक्शनच्या शेगडीवर पितळ तापत नाही. नव्या इमारतींमध्ये पाइपचा गॅस यायला कधी कधी महिनेही लागतात आणि तोवर इंडक्शनवर भागवलं जातं. अशा घरी ते पातेलं वास्तुशांतीच्या दिवशी ओट्यावर नुसतंच बसून राहील. त्यांनी त्या दिवसापुरती सिलिंडरची शेगडी आणायचं ठरवलं असेल तरच ही भेट नेमकी ठरते.

पितळेचं भांडं वजनावर विकलं जातं. त्या दिवशीचा किलोचा भाव, वर मजुरी, आणि कल्हई वेगळी. म्हणून खरेदीत पहिलं काम तराजूचं. पत्रा दीड मिलिमीटरचा असेल तर बारा लिटरचं पातेलं झाकण सोडून तीन किलोंच्या आसपास भरतं, दोन मिलिमीटरचा असेल तर चारच्या जवळ जातं. दुकानदाराने दाखवलेलं याच मापाचं पातेलं दीड-दोन किलोच भरलं तर पत्रा पातळ आहे. असं भांडं दिसायला सुंदर असतं आणि खिशाला हलकं पडतं, पण त्यात रवा एका जागी करपतो, कारण ज्योतीची धग तळभर पसरायला पुरेसा धातूच नसतो. फार जाड घेण्याचाही तोटा आहे. चार किलोंचं पातेलं आणि सात किलोंचा शिरा म्हणजे अकरा किलोंचा गरम ऐवज एका बाईने ओट्यावरून उतरवायचा. मला दीड मिलिमीटर पुरेसा वाटतो. दोन बाजूंना रिव्हेट मारलेल्या मजबूत कड्या असाव्यात, म्हणजे दोघांना धरून उचलता येतं. कडी धरून भांडं हलवून बघावं. रिव्हेट खुळखुळत असेल तर ते घेऊ नये.

खरेदीला पुण्यात रविवार पेठेत किंवा तुळशीबागेच्या आसपास जावं, नाशिकला भांडी बाजारात आणि मुंबईत पायधुणीच्या तांबाकाट्याला. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मुख्यतः तांब्याच्या कामाची. तिथले कारागीर पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी नुसती नक्षी उमटत नाही, पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. बाजारातली बहुतेक पितळी पातेली आता यंत्रावर दाबून काढलेली असतात आणि नेहमीच्या वापराला तीही चांगली असतात. टाळायची ती शोभेची पितळ. तिच्यावर काळी पडू नये म्हणून पारदर्शक लाखेसारखा थर दिलेला असतो. तो जाळावर जळतो आणि वास येतो. दुकानदाराला ‘स्वयंपाकाला हवं आहे’ असं स्पष्ट सांगावं.

आता कल्हई. या भेटीचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की तांबं त्यात उतरतं, पदार्थाची चव बिघडते, रंग हिरवट होतो, आणि खाल्ल्यावर मळमळतं, उलटी होते. घरातल्या मोठ्या बायका याला ‘कळकलं’ म्हणतात. हे टाळण्यासाठी आतून कथिलाचा पातळ थर देतात. 2011 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्न शिजवायला आणि साठवायला अयोग्य ठरवली होती. म्हणजे जुन्या बायका हट्टाने सांगत आल्या तेच कायद्यातही लिहिलं गेलं.

कल्हई होताना एकदा उभं राहून जरूर पाहावी. कारागीर भांडं आधी आम्लाने आणि मग वाळूने घासून आतला सगळा मळ काढतो, कारण तेलाचा किंवा काळपटपणाचा एक डाग राहिला तरी तिथे कथील धरत नाही. मग भांडं भट्टीवर तापवतो. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकतो आणि पांढराशुभ्र धूर उठतो. नवसागर तापल्या पितळेवरचा शेवटचा काळसर थर काढून टाकतो. लगेच कथिलाची कांडी भांड्याला टेकवली की ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो चांदीसारखा रस तळापासून काठापर्यंत भराभर पुसत नेला जातो. काही क्षणांत पिवळं भांडं आतून पांढरं होतं. मग ते पाण्यात बुडवलं जातं. हे सगळं इतक्या वेगाने होतं कारण कथील 232 अंशांना वितळतं आणि तो पातळ रस थंड व्हायच्या आत पसरायचा असतो.

हाताने केलेली कल्हई ओळखता येते. बोळा फिरल्याच्या मंद रेषा आत दिसतात आणि चकाकी थोडी कमी-जास्त असते. आतून अगदी आरशासारखी एकसारखी चकाकी असेल तर ती कल्हई नसून दुसऱ्या धातूचा मुलामा असू शकतो, तेव्हा विचारून घ्यावं. दुसरी भीती शिशाची आहे. शिसं कथिलापेक्षा स्वस्त असतं, म्हणून ते मिसळण्याचा मोह होतो. पांढरा स्वच्छ कपडा किंवा कागद आतून जोरात घासून पाहावा. त्यावर काळपट करडा डाग उमटत राहिला तर ते भांडं घेऊ नये. ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नव्हे. त्यामुळे ज्याच्याकडे आपल्या ओळखीची माणसं वर्षानुवर्षं कल्हई करून घेतात असा कारागीर शोधणं हेच जास्त खात्रीचं.

नाव घालायचं असेल तर कल्हईच्या आधी घालावं. पूर्वी भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव ठोकत, आता बहुतेक दुकानांत यंत्राने कोरून मिळतं. देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘सप्रेम भेट’ असं लिहिण्याची पद्धत मला पटत नाही. मी काठाखाली बाहेरच्या बाजूने त्या दोघांचं आडनाव आणि गृहप्रवेशाची तारीख एवढंच कोरून घेते. आजीच्या वेळची भांडी हातात घेतली की त्यावरच्या तारखेवरून घरातलं कोणतं कार्य कधी झालं हे कळतं, आणि तेवढ्यासाठीही ती मोडीत घालवत नाही.

रिकामं भांडं द्यायचं नाही, ही आपली रीत या भेटीत छान उपयोगी पडते. सिंहगड रस्त्यावर दोन खोल्यांचं घर घेतलेल्या एका मैत्रिणीला आम्ही चौघींनी मिळून असं पातेलं दिलं. त्यात सव्वा किलो बारीक रवा, सव्वा किलो साखर, घरी कढवलेल्या तुपाची बरणी, वेलदोड्याची पुडी, बदाम-बेदाणे आणि एक नारळ ठेवला. दूध आणि केळी तेवढी त्यांनी आदल्या दिवशी आणायची होती. भेट मैत्रिणीच्या हातात न देता तिच्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांच्या हुकमतीत होणार होता. “काकू, प्रसादाला हे चालेल ना?” असं विचारलं. त्यांच्याकडे प्रसाद सोवळ्यात करतात हे तेव्हा समजलं. मग त्यांनीच सांगितलं की भांडं नवं आहे, एकदा धुऊन वेगळं ठेवते, त्या दिवसापर्यंत त्यात दुसरं काही शिजवायचं नाही. हे विचारणं फार महत्त्वाचं असतं. काही घरी प्रसाद गुरुजींबरोबर येणारा आचारी करतो, काही घरी शिऱ्याऐवजी पंजिरी असते, काही घरी घरचंच पिढीजात भांडं आणून त्यातच करायचं असतं. आठ दिवस आधी गेलं की हे सगळं कळतं आणि कुणाचाही विरस होत नाही.

त्या घरी शिरा कसा झाला ते सांगते, कारण कल्हईच्या भांड्यात करताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पातेलं रिकामं आचेवर ठेवलं नाही, आधी तूप घातलं आणि मग गॅस लावला. रिकामं भांडं मोठ्या जाळावर चार-पाच मिनिटं राहिलं तर 232 अंश ओलांडायला वेळ लागत नाही, आणि मग कथिलाचे चांदीसारखे मणी तळाशी जमतात. तीच गोष्ट धुरावेपर्यंत तापवलेल्या तुपाची. म्हणून तळण आणि कडक फोडणी या भांड्यात करायची नाही. मंद आचेवर तुपात केळ्याच्या चकत्या परतल्या, रवा घातला आणि लाकडी उलथन्याने अर्धा तास भाजला. लोखंडी उलथन्याने कल्हई खरवडली जाते. रवा फुलून हलका गुलाबी झाला आणि हॉलमध्ये होमाशी बसलेल्यांपर्यंत वास गेला, तेव्हा शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवलेलं दूध थोडं थोडं करून ओतलं. ओतताना एकीने ढवळलं, दुसरीने कड्या धरल्या. झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ दिली, मग साखर आणि वेलची घातली, परत वाफ दिली. आधी नैवेद्याची वाटी भरून त्यावर तुळशीचं पान ठेवलं. पूर्णाहुती आणि आरती होईपर्यंत झाकणाखाली शिरा गरम राहिला. जाड पितळ लवकर निवत नाही, आणि समारंभात वेळ कधीच ठरल्याप्रमाणे जात नाही, म्हणून हा गुण फार उपयोगाचा.

दूध उतू घालवायला मात्र हे पातेलं काढू नये. नव्या घरात पाऊल टाकल्यावर चुलीवर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. तीस सेंटीमीटर रुंद तळावर लिटरभर दूध ओतलं तर ते दीड सेंटीमीटरसुद्धा वर येत नाही. ते उकळेल, आटेल, तळाला लागेल, पण काठावरून वाहणार नाही. त्याला उभट, लहान तोंडाचं भांडं हवं आणि ते तीन-चतुर्थांश भरलेलं हवं, म्हणजे सायीखाली कोंडलेली वाफ दूध झपाट्याने वर ढकलते. त्यासाठी घरातलं अर्ध्या-पाऊण लिटरचं पातेलं पुरे. पंचामृतही या पितळी पातेल्यात कालवू नये. कल्हई चांगली असली तरी दही-मध घातलेला पदार्थ धातूच्या भांड्यात तासन् तास ठेवू नये. त्याला चांदीची वाटी किंवा साधं स्टील बरं. आमटी, कढी या भांड्यात शिजवायला हरकत नाही, कल्हई त्यासाठीच असते, पण शिजल्यावर लगेच काढून ठेवावी. उरलेला शिरादेखील रात्रभर त्यात न ठेवता स्टीलच्या डब्यात काढावा.

समारंभ संपल्यावर भांडं घासायला नव्याने आलेल्या मावशींच्या हातात जातं आणि तिथेच बहुतेक कल्हया जातात. तारेच्या घासणीने दोनदा घासलं की पिवळा पत्रा दिसू लागतो. आत तळाला चिकटलेलं असेल तर गरम पाणी घालून तासभर भिजत ठेवावं, मग मऊ घासणी आणि साबण एवढंच वापरावं. चिंच, लिंबू नाहीतर पितांबरी फक्त बाहेरून. धुऊन झालं की कोरड्या फडक्याने पुसून ठेवावं, नाहीतर पाण्याचे डाग धरतात. आतल्या पांढऱ्यातून पिवळे किंवा तांबूस डाग दिसू लागले की कल्हई पुन्हा करायची वेळ आली. वर्षातून चार-सहा वेळा निघणाऱ्या भांड्याला एक कल्हई काही वर्षं पुरते, रोज वापरलं तर काही महिन्यांतच ती विरते.

कल्हईवाले आता दारावर फारसे येत नाहीत. नव्या पिढीतल्या जोडप्याला ते शोधायचे कुठे हेही ठाऊक नसतं, म्हणून चांगलं भांडं माळ्यावर पडून राहतं. तेव्हा पातेल्यात रवा-साखर ठेवाल तिथेच एका चिठ्ठीवर तुमच्या ओळखीच्या कल्हईवाल्याचं नाव, दुकान आणि फोन नंबर लिहून ठेवा, आणि पहिल्या पुनर्कल्हईचे पैसे आपल्याकडून, असं त्यावर लिहा.